हापूसच्या बागेत कुठे थांबावं, किती घ्यावं

प्रश्न: देवगडजवळ माझी हापूसची ४० कलमं आहेत. चौथं वर्ष चालू आहे आणि यंदा भरपूर मोहोर आलाय. वडिलांनी लावलेली २२ जुनी झाडंही आहेत. ती कराराने मागणारे म्हणतात की मोहोरासाठी देतात त्या कल्टार औषधाची मात्रा थोडी वाढवली की दरवर्षी पीक आणि तेही लवकर. घरातली तरुण मंडळी म्हणतात, थांबायचं कशाला? खरंच थांबण्यात आणि कमी घेण्यात काही फायदा आहे, की ते फक्त बोलायला बरं?

उत्तर:

फायदा आहे, आणि तो मोजता येतो. पण तुमच्या बागेत धीराची गरज तीन वेगळ्या ठिकाणी आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं माप वेगळं आहे. लहान कलमांवर मोहोर काढून टाकून थांबायचं आहे. जुन्या झाडांना औषध मोजून द्यायचं आहे. काढणीला मात्र फार घाई आणि फार उशीर, दोन्हींत नुकसान आहे. म्हणून एकेक करून बघू.

आधी ४० कलमं. चौथ्या वर्षी मोहोर आला म्हणजे झाड तयार झालं, असा समज होतो आणि तिथेच फसगत होते. कलमाची काडी मोठ्या, फळं देणाऱ्या झाडावरून घेतलेली असते. त्या लाकडाचं वय झालेलंच असतं, त्यामुळे कलम रोपवाटिकेत पिशवीत असतानाही मोहोर धरू शकतं. वय झालेलं नसतं ते खालच्या मुळांचं आणि खोडाचं. म्हणजे मोहोर येणं ही काडीची सवय आहे, झाडाची ताकद नव्हे. अशा झाडावर फळ ठेवलं की पानांनी तयार केलेलं अन्न फळाकडे ओढलं जातं आणि नवी पालवी येत नाही. पालवी नाही म्हणजे फांद्या वाढत नाहीत, आणि फांद्या नाहीत म्हणजे पुढच्या वर्षी मोहोर येणारे शेंडेच कमी. चौथ्या वर्षापासून फळ घेतलेलं कलम दहाव्या वर्षीही छत्रीएवढंच उभं असलेलं कोकणात बऱ्याच ठिकाणी दिसतं.

आता हिशोब करू. चाळीस झाडांवर प्रत्येकी १० फळं टिकली असं धरलं तर ४०० फळं, म्हणजे सुमारे ३३ डझन. पाच डझनांची पेटी धरली तर साडेसहा पेट्या. त्यातलीही काही फळं वाऱ्याने गळतील, काही लहान निघतील. एवढ्या आंब्यासाठी झाडाची एक-दोन वर्षांची वाढ द्यायची का, असा खरा प्रश्न आहे. दहाव्या वर्षापुढे एकेका झाडावर शेकड्याने फळ धरायचं असेल, तर आत्ताच्या साडेसहा पेट्यांचा सौदा महाग पडतो.

तेव्हा यंदाचा मोहोर काढा. कधी काढायचा यालाही महत्त्व आहे. डोळा फुगताच, तुरा बोटभर असताना खुडला आणि थंडी अजून चालू असली, तर शेजारच्या डोळ्यांतून पुन्हा मोहोर फुटतो. कारण त्या डोळ्यांनाही थंडीचा तोच इशारा मिळालेला असतो. तुरा पूर्ण लांबला, फुलं उमलायला लागली की काढा. फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत मात्र थांबू नका. हाताने ओढू नका, त्याने साल सोलली जाते. धारदार कात्रीने तुऱ्याच्या बुडाशी कापा आणि खालची पानं तशीच राहू द्या, कारण नवी फूट त्याच पानांच्या बगलेतून येणार आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा एक फेरी मारा. हापूसला मोहोर एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो. त्याच फेरीत कलमाच्या जोडाखाली खुंटावर फूट आली असेल तर तीही काढा. ती रायवळची असते आणि जोमाने वाढून वरच्या हापूसला दाबते. जोडावरची प्लास्टिकची पट्टी राहून गेली असेल तर साल कापली जाते, तीही तपासा.

पावसाच्या सुरुवातीला खत द्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत दहा वर्षांच्या पूर्ण झाडाला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश आहे, आणि पहिल्या वर्षी त्याच्या दहाव्या भागापासून दरवर्षी तेवढंच वाढवत जायचं. चौथ्या वर्षाच्या झाडाला त्याप्रमाणे २० किलो शेणखत, साधारण १ किलो ३०० ग्रॅम युरिया, सव्वा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ८०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश येतं. खोडाशी ढीग घालू नका. फांद्यांच्या कडेच्या थोडं आत चर काढून त्यात द्या.

पाचव्या वर्षी सगळ्या झाडांना एकच नियम लावू नका. ज्या झाडाने यंदाच्या पावसात आणि नंतर जोमदार पालवी दिली, ज्याचं खोड आणि घेर चांगला भरला, त्यावर दहा-पंधरा फळं ठेवा आणि बाकीची सुपारीएवढी असताना काढा. जे झाड अजून किरकोळ आहे, त्याचा मोहोर आणखी एक वर्ष काढा. माझ्या मते इथे झाडाच्या वयापेक्षा त्याच्या फांद्या बघून ठरवावं.

आता २२ जुनी झाडं आणि कल्टार. या विषयावर दोन्ही बाजूंनी टोकाचं बोललं जातं. कल्टार हे विष नाही आणि ते झाडाचं अन्नही नाही. त्यातला पॅक्लोब्युट्राझोल हा घटक झाडात जिबरेलिन तयार होणं रोखतो. जिबरेलिनमुळे पालवी फुटते आणि पेरं लांबतात. ते कमी झालं की पावसानंतर येणारी नवी पालवी थांबते, शेंडे लवकर पक्व होतात आणि मोहोर लवकर व जास्त फुटतो. हापूस एक वर्षाआड धरतो, ही खोड त्यामुळे बरीच आटोक्यात येते. योग्य मात्रेत ते उपयोगी आहे, यात शंका नाही.

पण त्याने फळांसाठी लागणारं अन्न तयार होत नाही. जे अन्न पालवीला गेलं असतं, ते फळाकडे वळतं, एवढंच. म्हणजे कल्टार दिलेलं झाड जास्त खर्च करतं, आणि खत मात्र तेवढंच किंवा कमी मिळालं तर साठ्यातून देतं. दुसरी गोष्ट, हे औषध मातीत लवकर नाहीसं होत नाही. गेल्या वर्षीचं काही शिल्लक असताना यंदा पूर्ण मात्रा, त्यावर पुढच्या वर्षी पुन्हा पूर्ण मात्रा, असं झालं की मुळांपाशी साठत जातं. ‘थोडी वाढवली’ हा शब्द म्हणूनच धोक्याचा आहे. एकदा दिलेलं परत काढता येत नाही.

मात्रा कशी काढायची ते एका झाडावर पाहू. फांद्यांचा विस्तार जमिनीवर पूर्व-पश्चिम मोजा, मग दक्षिण-उत्तर मोजा. समजा एक ८ मीटर आणि दुसरा ७ मीटर भरला. सरासरी साडेसात मीटर. शिफारस दर मीटर व्यासाला ३ मिली कल्टारची आहे, त्यात पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक असतो. म्हणजे या झाडाला २२.५ मिली. ते ५ लिटर पाण्यात मिसळा. साडेसात मीटर व्यास म्हणजे बुंध्यापासून कडेपर्यंत पावणेचार मीटर. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे बुंध्यापासून सुमारे १.९ मीटरवर, गोल आखा. त्या गोलावर साधारण अर्ध्या मीटरला एक अशी २५ भोकं पहारीने १० ते १२ सेंटिमीटर खोल मारा, प्रत्येकात २०० मिली द्रावण ओता आणि मातीने बुजवा. आधी झाडाखालचं गवत काढलेलं असावं, नाही तर मुळांच्या आधी तेच औषध पितं. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. जमीन ओली हवी, पण मुसळधार पावसाच्या दिवशी देऊ नका, ते वाहून जातं. मोजायला औषधाच्या बाटलीचं झाकण वापरू नका. मिलीच्या खुणा असलेला मोजपेला किंवा सिरिंज घ्या. वीस-बावीस झाडांत झाकणाच्या अंदाजाने कुठल्या झाडाला पंधरा, कुठल्याला पस्तीस मिली गेलं, हे नंतर कळत नाही.

हे सगळ्या २२ झाडांना द्यायचं नाही. दहा वर्षांच्या आतलं झाड नको, भिरूड म्हणजे खोडकिडा लागलेलं किंवा फांद्या वाळत असलेलं झाड नको. यंदा भरभरून पीक देऊन ज्याला नंतर पालवीच आली नाही, तेही एक वर्ष सोडा. ज्यांना द्याल त्यांना पूर्ण खत द्यायलाच हवं: ५० किलो शेणखत, सव्वातीन किलोच्या आसपास युरिया, तीन किलो सुपर फॉस्फेट, दोन किलो सल्फेट ऑफ पोटॅश, जूनमध्ये, विस्ताराच्या कडेच्या थोडं आत सुमारे १५ सेंटिमीटर खोल चरात. खताला पैसे नसतील त्या वर्षी कल्टारही देऊ नका, हे मी ठामपणे सांगेन. चार-पाच वर्षं सलग दिल्यावर मात्रा कमी करावी किंवा एखादं वर्ष गाळावं.

मात्रा जास्त झाली हे झाड स्वतः दाखवतं, फक्त बघायला हवं. नव्या फुटीची पेरं आखूड होतात, पानं लहान आणि शेंड्यावर झुपक्यासारखी येतात. मोहोराचा तुरा लांब, मोकळा न येता आखूड आणि गच्च येतो. तो दिसायला भरघोस वाटतो आणि बघणारा खूश होतो, पण त्या गच्च तुऱ्यात फवारा आत शिरत नाही. तुडतुडे आणि भुरीला तिथे आसरा मिळतो, आणि मग फवारण्या वाढतात. पुढे फांद्या शेंड्याकडून वाळायला लागतात आणि खचलेल्या झाडाला खोडकिडा गाठतो. या अवस्थेला लगेच उतरणारा उपाय नाही. कल्टार बंद करायचं, वाळलेलं छाटायचं, शेणखत व पाचोळा भरपूर द्यायचा, दोन-तीन हंगाम फळाची आशा कमी ठेवायची आणि पालवी पुन्हा लांब पेरांची यायला लागली की झाड सावरलं समजायचं.

म्हणून कराराचं बोलू. एक-दोन वर्षांसाठी बाग घेणाऱ्याचा हिशोब त्या वर्षांपुरता असतो. तो वाईट माणूस असतो असं नाही. मुदत संपल्यावर झाडाचं काय होतं, याचा त्याच्या खिशाशी संबंध नसतो. मातीत राहिलेलं औषध मात्र तुमच्याकडे राहतं. तेव्हा करार करायचाच असेल तर लेखी करा आणि त्यात या गोष्टी घाला: कोणत्या झाडाला किती मिली हे झाडाच्या क्रमांकानिशी लिहिलेलं असावं, औषध तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या समोर मोजून ओतलं जावं, खताची जबाबदारी कोणाची आणि किती हे ठरलेलं असावं. मुदतीच्या शेवटच्या वर्षी कल्टार अजिबात नाही, अशी अट घाला. सगळ्यात जास्त हात त्याच वर्षी सैल सुटतो. प्रत्येक झाडाला पत्र्याचा क्रमांक लावा आणि वहीत त्याचा व्यास, दिलेली मात्रा, तारीख, पालवी कशी आली हे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मात्रा ठरवायला दुसरं काहीही याच्याइतकं उपयोगी पडत नाही.

आता काढणी. इथे तरुण मंडळींचं म्हणणं अर्धं खरं आहे. हंगामाच्या सुरुवातीला वाशीच्या बाजारात हापूसला जो भाव असतो, तो मे महिन्यात राहत नाही. त्यामुळे फळ कोवळं काढायचा मोह होतो. पण दहा-बारा आण्यांचं, म्हणजे सोळा आणे पूर्ण पक्व धरलं तर अजून न भरलेलं फळ काढलं की ते पिवळं होतं, आतून आंबटच राहतं आणि साल सुरकुतते, कारण गोडी ज्यातून येते तो स्टार्च त्यात पुरेसा भरलेलाच नसतो. पिकवण्याची कुठलीही पद्धत न भरलेला स्टार्च भरू शकत नाही. असं फळ खपवायला मग कॅल्शियम कार्बाइडची पुडी पेटीत जाते. कायद्याने त्यावर बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या वायूने सालीचा रंग बदलतो आणि त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात.

उलट टोकाला, ‘झाडावरच पिकू दे’ म्हणून पाड लागेपर्यंत थांबणंही चूक आहे. हापूसला साका होतो, म्हणजे फळ बाहेरून उत्तम दिसतं आणि कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट निघतो. झाडावर जास्त पक्व झालेल्या फळात आणि तापलेल्या जमिनीच्या झळा लागलेल्या फळात त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून काढणी चौदा आण्यांवर, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्वतेला करतात. फळ धरल्यापासून त्याला ११० ते १२० दिवस लागतात. देठाजवळचे दोन्ही खांदे देठाच्या वर उचललेले आणि भरलेले दिसतात, गडद हिरवा रंग फिका होऊ लागतो. शंका असेल तर प्रत्येक भागातली चार-पाच फळं काढून पाण्यात टाका. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं.

एका झाडावरचं सगळं फळ एकाच दिवशी या अवस्थेला येत नाही, कारण मोहोरच टप्प्याने आलेला असतो. एकाच फेरीत झाड मोकळं केलं तर निम्मी फळं बारा आण्यांची येतात. तीन ते चार फेऱ्या करा, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. दापोलीचा नूतन झेला किंवा तसाच पात्याचा झेला वापरून देठ पाच-सहा सेंटिमीटर ठेवून फळ उतरवा. देठ तुटून चीक सालीवर ओघळला की तिथे काळे डाग पडतात. सकाळी लवकर काढा, फळ उन्हात किंवा तापल्या कातळावर ठेवू नका, लगेच सावलीत न्या. मग आढीत भाताच्या पेंढ्यावर दोन-तीन थरांत रचा, हवा खेळू द्या. साधारण दहा ते पंधरा दिवसांत पिकतं. मोठ्या मालासाठी इथिलीनच्या पिकवणी खोल्या आहेत. त्यात १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायूला परवानगी आहे आणि चार-पाच दिवसांत एकसारखा रंग येतो. ती पद्धत वापरण्यात काही गैर नाही, फळ चौदा आण्यांचं असलं म्हणजे झालं.

राहिला चालू खर्चाचा प्रश्न, कारण तरुण मंडळींना पैसा आत्ता हवा आहे आणि ती गरज खोटी नाही. कलमं दहा मीटर अंतरावर असतील तर मधली जागा अजून काही वर्षं मोकळी आणि उन्हाची आहे. तिथे अननस, पपई, केळी किंवा पावसाळी भाजी घ्या. कलमाच्या खोडाभोवती किमान एक मीटर जागा मोकळी ठेवा, तिथे कुदळ खोल चालवू नका, वरवरची मुळं तुटतात. वेलभाजीचा मांडव कलमावर टेकू देऊ नका. आंतरपिकाला खत वेगळं द्या, कलमाच्या वाट्यातलं नको. चाळीसपैकी ज्या कडेच्या ओळीत पाणी पोचतं, तिथून सुरुवात करा, म्हणजे पहिल्या वर्षी राखण आणि पाणी दोन्ही हाताशी राहतं.